‘कंदील’ श्रुतिकेचं ॲनिमेशन: साडेपाच सेकंदांच्या शांततेत काय काढायचं ते सापडलं

मंडळी, काल रात्री अडीचला गाडी अखेर हलली. आमच्या श्रुतिकेला चित्रं जोडताना गेले पाच आठवडे मी ९ मिनिटं १७ सेकंदांपाशी अडकून बसले होते.

मागचं ज्यांनी वाचलंय त्यांना गोष्ट ठाऊक आहे, तरी दोन ओळींत सांगते. ऑक्टोबरातली संध्याकाळ, परतीचा पाऊस, राजापूरकडचं एक घर. मोटारसायकल बंद पडलेला एक मुलगा आडोशाला येतो, आजी त्याला आत घेते, चहा करते, गप्पा चालतात. मग मुलगा जरा अवघडून विचारतो, “आजी, दिवा लावायचा नाही का?” आणि आजी म्हणते, “काळोख झाला होय?” तिला दिसत नाही, हे ऐकणाऱ्याला त्या तीन शब्दांत कळतं. पुढे साडेपाच सेकंद कुणी बोलत नाही, नुसता पाऊस. चौदा मिनिटांच्या श्रुतिकेचा सगळा जीव त्या जागेत आहे. आजीचा आवाज माझ्या आत्याचा आहे, आणि तिने ते वाक्य इतकं सहज टाकलंय की दुसरा टेक घ्यावाच लागला नाही.

ऐकताना हे का चालतं, तर ऐकणाराही आजीइतकाच आंधळा असतो. रेडिओचा हा फार जुना आधार आहे. १५ जानेवारी १९२४ ला बीबीसीने मुद्दाम रेडिओसाठी लिहून घेतलेलं पहिलं नाटक प्रसारित केलं, ते कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यावर घडतं. पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही नाही, म्हणजे हिशेब बरोबर. आमच्या गोष्टीत तर श्रोत्याला दिसत नसल्याचं भानही नसतं. तो मनात एक उजेडाचं घर उभं करतो आणि ते घर त्या तीन शब्दांनी विझतं. चित्र काढायला घेतलं की ही सोय पहिल्या फ्रेमलाच संपते.

माझा पहिला ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजावर बसवलेला कच्च्या चित्रांचा आराखडा, ६२ चित्रांचा होता. जे वाक्य येईल त्याचं चित्र, अशी सरळ पद्धत. भावाला दाखवला. दुसऱ्या मिनिटाला तो म्हणाला, “आजीला दिसत नाही ना गं?” सातव्या चित्रात ती मुलाकडे तोंड करून बोलते, पण नजर त्याच्या खांद्यापलीकडे जाते. नजर बरोबर त्याच्या डोळ्यांत ठेवली असती तर खोटं काढल्यासारखं झालं असतं. तेव्हा दुसऱ्या खेपेला मी तिचे डोळेच लपवले. पाठमोरी आजी, चुलीच्या धुरातली आजी, पदराआडची आजी. हा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट निघाला. इतका वेळ चेहरा दाखवत नाहीत म्हणजे चेहऱ्यातच काहीतरी आहे, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

मग चित्रं बाजूला ठेवली आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती लेबलं लावत बसले. आवाज चालू असतानाच Ctrl+M दाबून लेबल टाकता येतं, त्यामुळे ऐकण्याची लय तुटत नाही. या कामासाठी माझ्या मते दुसरं काही घ्यायची गरज नाही. लेबलं साध्या मजकुराच्या फाइलीत निघतात, देवनागरीसकट:

```
557.000000	559.100000	दिवा लावायचा नाही का
561.400000	562.900000	काळोख झाला होय
568.400000	572.000000	गडगडाट
```

हे सेकंदाचे आकडे २५ ने गुणले की फ्रेम नंबर मिळतो. ५६१.४ म्हणजे १४०३५. मी सगळं सेकंदाला २५ फ्रेमवर करते, कारण एक फ्रेम बरोबर ४० मिलिसेकंदांची होते आणि डोक्यात हिशेब करता येतो.

लेबलं लावताना प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहीत गेले: आजीला हे कशावरून कळलं? “किती भिजलास रे” हे ती बघून म्हणत नाही, चिऱ्याच्या पायरीवर त्याच्या कपड्यांचं पाणी टपटपतंय त्यावरून म्हणते. “बस, ती पाटी सरकव” म्हणते, कारण त्याचा पाय पाटीला लागल्याचा आवाज आधी येतो. आमच्या लेखनात हे सगळं आधीपासून होतं आणि रेकॉर्डिंग करतानाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजीला जे कळतं ते एकूण एक कानांनी कळतं.

मग चित्रही तेच. पायरीवरचं पाणी, सरकणारी पाटी, पितळी तांब्याचं तोंड, दाराची कडी, कपबशी. माणसं फक्त हातापायांपुरती, तीही त्यांचा आवाज होतो तेव्हाच. गंमत म्हणजे हे लपवल्यासारखं वाटत नाही. दहा मिनिटं वस्तूच दिसत राहतात, त्यामुळे बघणारा चेहऱ्याची वाटच बघत नाही. ६२ चित्रांची २८ झाली, आता १९ वर आलेत. ज्या आवाजाने सगळं सांगून टाकलंय तिथे नवं चित्र न देता आधीचंच थांबवून धरते. एखादं चित्र चाळीस सेकंदही टिकतं, अट एकच की त्यात काहीतरी बारीक हलत असावं: वाफ, नाहीतर पागोळी.

एक छोटा आनंद सांगायलाच हवा. कपबशी जमली. बशीवर कप टेकल्याचा टण् आवाज ६:१२ ला आहे. चित्रातला कप त्याच फ्रेमला टेकवला तर तो उशिरा आल्यासारखा वाटत होता. दोन फ्रेम आधी टेकवला आणि एकदम वजन आलं. आवाज चित्राच्या पुढे गेला की माणसाला पटकन खटकतं, मागे राहिला तर बराच वेळ खपतो. लांबची कुऱ्हाड आधी दिसते आणि मग ऐकू येते, त्याची आपल्याला जन्माची सवय आहे. हा कप मी काल वीसेक वेळा बघितला असेन.

आता मुख्य दुखणं. वस्तू दाखवल्या तरी त्या कुठल्या तरी उजेडात दाखवाव्या लागतात. मुलगा येतो तेव्हा दिवस आहे, विचारतो तेव्हा काळोख. ऐकताना ही संध्याकाळ कळत नाही, कारण उजेड जाण्याला आवाज नसतो (साडेसहा मिनिटांपासून मागे रातकिडे टाकलेत, पण ते कुणी वेगळे ऐकत नाही). चित्रात काळोख दाखवला तर प्रश्न आधीच फुटतो. न दाखवला तर मुलाचा प्रश्न वेड्यासारखा वाटतो.

उत्तर असं निघालं की काळोख दाखवायचा, पण इतका हळू की लक्षात येऊ नये. ब्लेंडरच्या व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये सगळ्या चित्रांवर एक काळी पट्टी ठेवली आणि ५:०० पासून ९:१७ पर्यंत तिची अपारदर्शकता वाढवत नेली. पहिली चाचणी फसली. सुरुवातीची तीन मिनिटं काहीच घडल्यासारखं वाटेना आणि शेवटी कुणीतरी बटण दाबल्यासारखा अंधार कोसळला. कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मी दर सेकंदाला सारखाच उजेड काढून घेत होते. शंभरातून दहा गेले तर कळत नाही, पण वीसातून दहा गेले म्हणजे निम्मा उजेड गेला. डोळा वजाबाकी करत नाही, प्रमाण बघतो. तेव्हा दर ८४ सेकंदांनी उजेड निम्मा होईल अशा खुणा दिल्या: ५:०० ला १००, ६:२४ ला ५०, ७:४८ ला २५, ९:१२ ला साडेबारा टक्के, आणि मधल्या जागीही त्याच प्रमाणात. आता उतार सलग वाटतो. तरी शेवटच्या मिनिटात गडद भागात पट्ट्या उमटत होत्या, नकाशातल्या उंचीच्या रेघांसारख्या. ८ बिटच्या व्हिडिओत काळ्याच्या जवळ छटाच थोड्या उरतात म्हणून असं होतं. वरून अगदी हलके, रव्यासारखे बारीक ठिपके पसरले, तेव्हा त्या विरघळल्या.

आत्याला दाखवलं. तिने स्वतः बोललेलं वाक्य आलं तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली आणि म्हणाली, “अगो, खरंच काळोख झालाय की!” याचसाठी पाच आठवडे घालवले होते.

आणि मग उरली ती साडेपाच सेकंदांची शांतता. वाक्य काळोखावरच ऐकवायचं हे ठरलेलं होतं. पण नंतर काय? मी आजीचा चेहरा काढला, पुसला. मुलाचा चेहरा काढला, तोही पुसला. दोन्हीत “आता तुम्ही दचका” असं सांगितल्यासारखं होत होतं. शिवाय पडदा जवळजवळ काळा, दिसणार कशात? सगळ्या श्रुतिकेत आवाज काहीच सांगत नाही अशी ही एकच जागा आहे, म्हणून इथलं चित्र आवाजात नसलेलं काहीतरी सांगणारं हवं, एवढंच कळत होतं.

काल वरची लेबलं वाचताना नजर तिसऱ्या ओळीवर थांबली. ५६८.४ ला गडगडाट आहे. तो आम्ही केवळ शांतता संपवायला टाकला होता. पण गडगडाट आहे म्हणजे त्याआधी वीज चमकलेली असणारच, आणि विजेला आवाज नसतो! ती आधीपासून त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, फक्त ऐकू येत नाही. ध्वनिफितीला हात न लावता मला उजेड मिळाला.

वीज ५६४.६ ला ठेवली, फ्रेम १४११५. गडगडाट १४२१० ला, मध्ये ३.८ सेकंद, म्हणजे वीज साधारण तेराशे मीटरवर. आमचा गडगडाट लांबचा, घोळणारा आहे, कडाडणारा नाही, त्यामुळे हे अंतर त्याला शोभतं. लखलखाट असा: तीन फ्रेम उजेड, दोन काळोख, सहा फ्रेम उजेड, मग विझत जाणं. खरी वीजही एकाच वाटेने पुन्हा पुन्हा उतरते म्हणून अशीच थरथरते. तुमच्यापैकी कुणी हे करणार असाल तर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट देऊ नका, काही लोकांना त्याने झटका येऊ शकतो.

त्या उजेडात दिसतो खुंटीवरचा कंदील. काचेवर धूळ, दांडीपासून खुंटीपर्यंत कोळ्याचं जाळं. या घरात तो कित्येक वर्षं पेटलेला नाही. माणूस नाही, चेहरा नाही, आणि श्रुतिकेचं नावही तिथेच येतं.

अडचण एवढीच की अकरा फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात, जाळं वाचता येत नाही. भावाला कंदील कळला, जाळं नाही. म्हणून विझल्यावरही नुसत्या कडा दीड सेकंद निळसर तेवत ठेवल्यात, डोळे मिटल्यावर राहतात तशा. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कडांचा थर वेगळा काढलाय. जाळ्याचे धागेही अकरांवरून पाचांवर आणले, तेव्हा ते जाळं दिसायला लागलं.

हे लिहितालिहिता आणखी एक सुचलं. ७:०२ लाही एक गडगडाट आहे, आणि तोवर उजेड चाळीस टक्क्यांच्या खाली गेलेला असतो. तिथेही वीज दाखवायला हवी, नाहीतर शेवटची एकदम आकाशातून पडल्यासारखी वाटेल. ७:०२ ला आजीचे हात कपात चहा ओततायत. विजेने मुलाचे हात दचकतील, आजीचे नाही. धार एका थेंबानेही हलणार नाही. म्हणजे १९ ची २० चित्रं होणार, आणि बोटं मला अजून नीट जमत नाहीत, तरी हे चित्र हवंच. आत्याला रविवारी बोलावलंय, तिचे हात चहा ओतताना बघून काढेन. तोवर चौदाव्या चित्रातली पागोळी तशीच अर्धी राहू दे.