आमची वाटचाल : संध्याकाळची फेरी

अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं अठरा खोल्यांचं हॉटेल आहे. सुरुवातीला खोल्या सकाळी एकदा आवरल्या की दिवसाचं काम संपायचं. रात्री नऊनंतर मात्र रिसेप्शनचा फोन थांबायचा नाही. पाणी पाठवा, डास आहेत, टॉवेल ओला झालाय. हे फोन आम्ही वहीत लिहू लागलो, आणि टर्नडाऊनमध्ये, म्हणजे पाहुणे झोपायच्या आधी संध्याकाळी खोली पुन्हा आवरायच्या फेरीत, काय द्यायचं ते त्या वहीनंच ठरवलं.

म्हणून आमच्या फेरीत शोभेपेक्षा वहीतल्या गोष्टी जास्त आहेत. माणशी एक पाण्याची बाटली, डासांचं लिक्विड मशीन चालू, ओल्या टॉवेलच्या जागी कोरडा, कचऱ्याचा डबा रिकामा. पलंगपोस घडी करून कपाटात जातो, ब्लँकेटचा कोपरा दुमडतो. दोन माणसांच्या पलंगावर एकटाच पाहुणा असेल तर फोन आणि दिव्याच्या बाजूचा कोपरा दुमडायचा. देवळातून अनवाणी फिरून आलेल्यांसाठी पलंगाशी पायपुसणं आणि जुना, स्वच्छ टॉवेल ठेवतो. चॉकलेटऐवजी कोल्हापुरी गुळाचा खडा देतो, पण कागदात घट्ट गुंडाळून, झाकणाच्या वाटीत. पावसाळ्यात गूळ पाझरतो आणि मुंग्या लागतात, त्यामुळे उशीवर कधीच नाही. पाहुण्याचं सामान हलवायचं नाही. पलंगावर बॅग पसरलेली असेल तर तेवढी बाजू तशीच सोडायची.

खरी कसोटी वेळेची. साडेसहाच्या आधी गेलं तर प्रवासातून आलेली मंडळी झोपलेली असतात. साडेआठनंतर रंकाळ्यावरून किंवा तांबडा-पांढरा ओरपून लोक परतायला लागतात. मधले दोन तास आपले. दोघांच्या जोडीला एका खोलीला सात मिनिटं लागतात. शनिवारी चौदा खोल्या भरलेल्या असल्या, तर अठ्ठ्याण्णव मिनिटं होतात. म्हणजे जिन्याची ये-जा धरून वेळ जेमतेम पुरते. त्यामुळे मजल्याच्या क्रमानं आम्ही जात नाही. किल्ली रिसेप्शनला ठेवून गेलेल्यांच्या खोल्या आधी. त्यातही लहान मुलं असलेलं कुटुंब पहिलं, कारण ते सगळ्यांत लवकर परततं. पहाटेच्या काकड आरतीला जाणारे त्यांच्यानंतर, कारण ते लवकर झोपतात. खोलीतच असलेल्यांकडे शेवटी जायचं. दार वाजवून विचारायचं, "आत्ता आवरू का, की फक्त पाणी देऊ?" बहुतेक जण पाणीच घेतात, आणि ती मिनिटं वाचतात.

'डिस्टर्ब करू नका'ची पाटी असेल तर दार वाजवायचं नाही, फोनही नाही. तक्त्यावर वेळ लिहायची आणि त्या खोलीचं पाणी, टॉवेल, गूळ नाव घालून रिसेप्शनच्या मागच्या फळीवर ठेवायचं. पाहुणा खाली आला किंवा त्याचा फोन आला की रात्रपाळीच्या मुलाला स्टोअर उघडायला जावं लागत नाही.