पाडवा ते पाडवा: वर्षभराचं फोटोबुक आखताना

वर्षाचं फोटोबुक जानेवारीपासून सुरू करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आमच्या घरी वर्ष पाडव्याला सुरू होतं. म्हणून सुरुवात ९ एप्रिल २०२४ च्या गुढीने आणि शेवट ३० मार्च २०२५ च्या गुढीने. दोन्ही गुढ्या त्याच गॅलरीत, आणि पहिल्या फोटोत कडेवर असलेला भाचा शेवटच्या फोटोत स्वतःच्या पायांवर उभा. गोष्टीची दोन टोकं हाती आली.

फोटो निवडायच्या आधी पानं ठरवली. फोटो आधी निवडले की सगळेच हवेसे वाटतात आणि पुस्तक फुगत जातं. मी ४० पानं धरली आणि एका मोठ्या कागदावर तेवढे चौकोन आखले. पहिलं पान उजव्या हाताला एकटं येतं, शेवटचं डावीकडे एकटं, आणि मधली ३८ पानं समोरासमोरच्या १९ जोड्यांत उघडतात. त्यामुळे प्रत्येक प्रसंग सम आकड्याच्या पानावर सुरू करायचा, म्हणजे तो पान उलटल्यावरच दिसतो.

पहिली वाटणी अशी होती: पाडवा १, मे महिन्यातलं गाव ६, पाऊस ४, गणपती १०, दिवाळी ४, चुलतभावाचं लग्न ८, थंडी ते फाल्गुन ६, दुसरा पाडवा १. बेरीज बरोबर ४०. पण कागदाकडे बघताना लग्नाची ८ पानं खटकली. त्याचा वेगळा अल्बम होणारच होता. इथे आपल्या घरची धावपळ तेवढी हवी. ती ४ केली आणि उरलेली ४ पानं साध्या दिवसांना दिली. बाबांचं लोणचं घालणं, आईचं दुपारचं वाचन, शाळेच्या पहिल्या दिवशीचा चिखल. हे फोटो थोडेच असतात, पण वर्ष खरं त्यांच्यातच दिसतं. मी ते एकत्र न ठेवता मोठ्या प्रसंगांच्या मध्ये एकेक जोडी करून पेरले. गणपती आणि दिवाळी पाठोपाठ आले तर सगळे चेहरे नटलेले, सगळीकडे दिवे. मध्ये रिकामी दुपार आली की दोन्ही वेगळे वाटतात.

क्रम लावणं सर्वांत किचकट होतं. फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली काढल्याची तारीख सहसा निघून जाते, आणि IMG-20240912-WA0003 अशा नावातली तारीख काढल्याची नसून पाठवल्याची असते. विसर्जनाचा फोटो चार दिवसांनी पाठवला गेला तर तो चार दिवस पुढे जाऊन बसतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना फोटो लहान करतं. साधारण १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो छापायला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर जेमतेम पाच इंच पुरतो. माझं पान दहा इंच रुंद. म्हणून पूर्ण पानावर जाणारे फोटो प्रत्येकाकडून मूळ फाईल म्हणून, ‘डॉक्युमेंट’ करून मागवले. बाकीचे लहान चौकटीत चालतात.

विसर्जनासाठी मी पान उलटण्याचा उपयोग केला. उजव्या पानावर शेवटची आरती, भरलेली खोली. उलटलं की दोन्ही पानं व्यापून रिकामं मखर. एकच फोटो दोन पानांवर घेताना मधल्या शिवणीत चेहरा जाऊ नये हे बघावं लागतं. पानं सपाट उघडणारी नसतील तर शिवणीजवळचा भाग आत दडतो. मखर मध्यभागी होतं, म्हणून मी फोटो सरकवून ते डाव्या पानावर घेतलं.

फोटोखालच्या ओळींबाबत माझा एकच नियम: फोटोत दिसतं ते लिहायचं नाही. ‘गणपती २०२४’ लिहून काहीच सांगितलं जात नाही. ‘मखर जुन्या साड्यांचं, रात्री दोनला पूर्ण झालं’ ही ओळ फोटोला जोडली नाही तर दोन-चार वर्षांत विसरली जाईल. घोळक्याच्या फोटोत डावीकडून सगळ्यांची नावं दिली. नुसतं ‘काका’ लिहिलं तर भाच्याला मोठेपणी कोण ते कळणार नाही. आणि प्रत्येक फोटोला ओळ दिली नाही. काही फोटोंना बोलायला शब्द लागत नाहीत.

आजीला वाचता यावं म्हणून अक्षर १३ पॉइंटचं ठेवलं. छपाईला द्यायच्या आधी पीडीएफ मोठं करून ओळन्‌ओळ वाचली. डिझाइनच्या काही प्रोग्रॅममध्ये देवनागरी जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. ‘विसर्जन’ या एका शब्दात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, त्यामुळे तो नीट दिसला की बहुधा बाकीचंही नीट असतं. तरी एकेक पान घरच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात काढून आजीला वाचायला दिलं. तिने दोन नावांचा क्रम सुधारला, मगच प्रती छापायला गेल्या.