तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुवारी हिरवा, शुक्रवारी लाल

"रिटर्न, कॅन्सल, लेट डिस्पॅच, तिन्ही टक्के सेलर पॅनेलवर रोज दिसतात की. मग शीट करून ते वेगळे कशाला मोजायचे? आणि आपोआप मोजायचे तर कसे?"

पॅनेल तुम्हाला आजचा टक्का सांगतं, आणि तो खराही असतो. उद्या तो कुठे जाणार हे मात्र तिथे दिसत नाही, आणि मला हवं असतं ते उद्याचं. मी कोल्हापुरात चार-पाच छोट्या विक्रेत्यांचं ऑनलाइनचं काम बघतो. त्यातल्या एका चप्पलवाल्याचं उदाहरण घेतो. आकडे हिशेबाला सोपे केलेत.

ॲमेझॉनवर, माल स्वतः पाठवणाऱ्या विक्रेत्याला, कॅन्सलचा टक्का २.५ च्या खाली ठेवावा लागतो आणि तो सात दिवसांच्या ऑर्डरींवर मोजतात. यात विक्रेत्यानं केलेलं कॅन्सलच धरतात. गिऱ्हाइकानं स्वतःहून रद्द केलेली ऑर्डर धरत नाहीत. आता आमच्या चप्पलवाल्याचा सेलचा आठवडा बघा. सोमवार ते बुधवार रोज १० ऑर्डरी, गुरुवार ते शनिवार रोज ३०, रविवारी ४०. एकूण १६०. रविवारी आठ नंबरचा जोड दुसऱ्या मार्केटप्लेसवर विकून संपला होता, पण ॲमेझॉनवरचा स्टॉक कमी करायचा राहिला होता, म्हणून तीन ऑर्डरी कॅन्सल कराव्या लागल्या. १६० मध्ये तीन, म्हणजे १.९ टक्क्यांच्या आत. पॅनेल हिरवं, सगळे खूश.

पुढच्या आठवड्यात सेल संपला, रोज आठच ऑर्डरी. एकही नवीन कॅन्सल नाही. पण रोज सात दिवसांच्या खिडकीतून मागचा एक दिवस बाहेर पडतो. गुरुवारअखेर खिडकीत १३२ ऑर्डरी उरल्या, टक्का २.२७. शुक्रवारी आणखी एक तीसचा दिवस गळाला, राहिल्या ११०, टक्का २.७३. शनिवारी ८८ वर ३.४. काहीही न करता माणूस लाल झाला! मग रविवारी कॅन्सलवाला दिवसच बाहेर गेला आणि टक्का शून्य.

हे सोमवारीच कळू शकतं, कारण कुठला दिवस कधी गळणार हे ठरलेलं असतं. नवीन ऑर्डरी किती येतील तेवढा अंदाज लागतो. मी गेल्या तीन दिवसांची सरासरी धरतो, सेल नुकताच संपला असेल तर सेलच्या आधीची. शीटमध्ये प्रत्येक पुढच्या दिवसासमोर दोन आकडे ठेवतो: अंदाजे टक्का, आणि अजून किती कॅन्सल परवडतील. दुसरा आकडा दुकानात लगेच समजतो. "टक्का दोन पॉइंट सात होणार" म्हटलं तर कुणी ढुंकून बघत नाही. "शुक्रवारपर्यंत एकही कॅन्सल चालणार नाही" म्हटलं की लगेच दोन्हीकडचा स्टॉक मोजायला माणूस उठतो.

आता कसं ते. रोजची ऑर्डर फाइल हातानं डाउनलोड करून गूगल शीटमध्ये टाकली तरी सुरुवातीला भागतं. ऑर्डरी वाढल्या की ॲमेझॉनच्या सेलिंग पार्टनर एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामला थेट डाटा देणाऱ्या सोयीतून, शीटमधल्याच ॲप्स स्क्रिप्टनं आणा आणि रोज पहाटेचा ट्रिगर लावा. इथे खाचखळगे तीन.

ऑर्डरी तारखेप्रमाणे एकदाच आणल्या तर कालची ऑर्डर आज कॅन्सल झालेली शीटला कधीच कळत नाही. म्हणून `LastUpdatedAfter` वापरून, काल जे जे बदललं ते आणायचं आणि ऑर्डर नंबर जुळवून जुनी ओळ बदलायची. खाली नवीन ओळ जोडत गेलात तर एकच ऑर्डर दोनदा मोजली जाईल. दुसरं, एका ऑर्डरमध्ये दोन वेगवेगळे जोड असले की फाइलमध्ये दोन ओळी येतात, पण टक्का ऑर्डरींवर असतो. म्हणून साध्या `COUNTIFS` ऐवजी हे:

```
=COUNTUNIQUEIFS(O!A2:A, O!B2:B, ">="&TODAY()-7,
  O!B2:B, "<"&TODAY(), O!E2:E, "आम्ही")
```

A मध्ये ऑर्डर नंबर, B मध्ये तारीख, E मध्ये कॅन्सल कुणी केलं ते. हा E कॉलम हातानं भरावा लागतो, कारण ऑर्डर फाइलमध्ये नुसतं `Cancelled` येतं, कुणी केलं ते नाही. कॅन्सल करणाऱ्यानंच तिथल्या तिथे लिहायचं, नाहीतर आठवड्यानं कुणाला आठवत नाही. तिसरं, वेळ. एपीआयमधली वेळ यूटीसी असते, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातली ऑर्डर न बदलता घेतली तर आदल्या दिवसात जाऊन बसते. सेलच्या रात्री हा फरक बारीक नसतो.

लेट डिस्पॅचला टक्का बघण्यात मला फारसा रस नाही. मर्यादा चार टक्के आहे, पण ऑर्डर एकदा लेट झाली की झाली. त्यापेक्षा ज्या ऑर्डरींची `LatestShipDate` आज आहे आणि डिस्पॅच कन्फर्म झालेला नाही, त्यांची यादी दुपारी तीनला पॅकिंगवाल्या पोराच्या मोबाइलवर जाते. तेव्हा कुरिअरचा माणूस यायला अजून वेळ असतो.

रिटर्नचा टक्का मात्र बहुतेक जण चुकीचा काढतात. या महिन्यात परत आलेले भागिले या महिन्यात गेलेले, असा. चप्पलवाल्याचे ऑक्टोबरमध्ये ४०० जोड गेले. त्या महिन्यात परत आले २४, म्हणजे ६ टक्के. नोव्हेंबरमध्ये १५० गेले, परत आले ३९, म्हणजे २६ टक्के. घरात चिंता, कारागिराला फोन! प्रत्यक्षात त्या ३९ मधले ३० ऑक्टोबरच्या ऑर्डरींचे होते, आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या २४ मधले १० त्याआधीच्या ऑर्डरींचे. प्रत्येक रिटर्न मूळ ऑर्डरच्या महिन्याला लावला, तेव्हा ऑक्टोबरचे ४४ झाले, ११ टक्के. नोव्हेंबरचे डिसेंबरमध्ये आलेले धरून १५, म्हणजे १० टक्के. कारागिराचं काहीच बिघडलं नव्हतं. म्हणून रिटर्नची ओळ ऑर्डर नंबरनं जुळवायची आणि चालू महिन्याचा टक्का राखाडी रंगात ठेवायचा. तो अजून पिकायचा असतो.

त्यातही गिऱ्हाइकानं घालून बघून परत केलेला जोड वेगळा आणि दारात न स्वीकारलेला, आरटीओ झालेला वेगळा. पहिला साइज सांगतो: कोल्हापुरी चप्पल नवी असताना घट्ट लागते, तेव्हा एकाच नंबरचे जोड परत यायला लागले तर साइज चार्ट बघायचा. दुसरा बहुधा कॅश ऑन डिलिव्हरीचा असतो, त्याला चार्ट बदलून उपयोग नाही.

एक चौकट मात्र शीटच्या अगदी वर ठेवा: शेवटचा डाटा कधी आला. एपीआयची गुप्त किल्ली १८० दिवसांत बदलावी लागते. ती बदलायची राहिली की नवीन डाटा येणं थांबतं आणि सात दिवसांनी शीटवर कॅन्सल शून्य, लेट शून्य असं सुंदर चित्र दिसतं. छत्तीस तासांत नवीन डाटा आला नाही तर माझी शीट टक्के दाखवतच नाही, त्या जागी लाल अक्षरांत "डाटा जुना" येतं. शिवाय दर सोमवारी पॅनेलचा आकडा शेजारी लिहायचा. शेवटी कारवाई होते ती त्यांच्या आकड्यावर. दोन्हींत एखाद्या ऑर्डरचा फरक असेल तर ती ऑर्डर उघडून बघा. नव्वद टक्के वेळा E कॉलम रिकामा सापडतो.