जुम्मा दरवाजा ते बडकस चौक : आमची वाटचाल

आम्ही नवरा-बायको पूर्वी पाहुण्यांना गाडीतून नागपूर दाखवायचो. सीताबर्डीचा किल्ला रस्त्यावरूनच दाखवावा लागे, कारण तो वर्षातल्या मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. मग दीक्षाभूमी, फुटाळा, आणि संध्याकाळी सगळे थकलेले. महाल या जुन्या वस्तीत मात्र गाडी आत शिरत नसल्यामुळे उतरून चालावं लागे आणि लोकांचे खरे प्रश्न तिथेच सुरू होत. म्हणून गाडी विकली आणि फक्त महालातली पायी फेरी ठेवली.

सुरुवात गांधीगेटपाशी होते. हाच जुना जुम्मा दरवाजा. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 मध्ये झाली हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण इंग्रज जिंकल्यावरही शहर लगेच हाती लागलं नाही, हे फार थोड्यांना. भोसल्यांच्या अरब शिपायांनी तटाच्या आतला भाग धरून ठेवला होता. 24 डिसेंबरला इंग्रजांनी याच दरवाजावर हल्ला केला आणि त्यांना मागे हटावं लागलं. शेवटी अटी ठरल्या आणि महिनाअखेर अरब शहर सोडून गेले. हे सांगायला वीसेक मिनिटं लागतात, तीही वाहनांच्या गर्दीत रस्त्याकडेला उभं राहून. माझा आवाज बारा जणांपर्यंत नीट पोचतो. मागे उभ्या माणसाने शेजाऱ्याला ‘काय म्हणाले?’ विचारलं, की समजावं गट मोठा झाला. म्हणून बारा. कंपनीची मोठी सहल आली तरी आम्ही दोन गट करतो, एक मी नेतो, दुसरा ही.

पुढचा नगारखाना बायकोचा आवडता. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा जुना वाडा 1864 मध्ये जळाला. त्याचं हे प्रवेशद्वार तेवढं उरलं. ती आधी लोकांना दगडाला हात लावू देते, मग वाडा केवढा असेल ते विचारते. इथे घाई करायची नाही, असा आमचा नियमच आहे.

आता फेरीची माहिती आम्ही एवढीच लिहितो :

‘पायी महाल. गांधीगेट, नगारखाना, मोठा राजवाडा (बाहेरून), रुक्मिणी मंदिर, चिटणीस पार्क, बडकस चौक. दर रविवारी सकाळी साडेसहा, उन्हाळ्यात सहा. अडीच तास. जास्तीत जास्त बारा जण. माणशी 350 रुपये, दहा वर्षांखालील मुलांना मोफत. तर्री-पोहे त्यातच.’

‘बाहेरून’ हा शब्द मुद्दाम आहे. राजवाड्यात घराणं राहतं, आत नेण्याचं वचन आम्ही देत नाही. देवळात चपला काढाव्या लागतात, म्हणून सँडल बरे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आला तर फेरी नसते. त्या दिवशी रस्ते मारबतीचे. आम्हीही मिरवणुकीतच असतो.