चार ‘ए’ आणि एक गाथा : संस्कृत छाया करण्याचा माझा अनुभव

दुमपत्तए पंडुयए जहा, निवडइ राइगणाण अच्चए ।
एवं मणुयाण जीवियं, समयं गोयम मा पमायए ॥

उत्तराध्ययन सूत्र या जैन आगमग्रंथाच्या दहाव्या अध्ययनातली ही पहिली गाथा. भगवान महावीर आपल्या पहिल्या गणधराला, म्हणजे प्रमुख शिष्याला, इंद्रभूती गौतमाला उद्देशून बोलताहेत. शेवटची गाथा सोडली तर या अध्ययनातली प्रत्येक गाथा ‘समयं गोयम मा पमायए’वरच येऊन थांबते. आमच्या ओळखीच्या एक काकू कोल्हापुरात गुजरीजवळ राहतात. त्यांना हे अध्ययन लहानपणापासून तोंडपाठ आहे. एकदा त्या मला म्हणाल्या, “तुला संस्कृत येतंय ना? मग मला याचा शब्दन् शब्द सांग. सगळा अर्थ मिळून सांगणारे पुष्कळ भेटले, कुठला शब्द काय म्हणतोय ते कुणी सांगितलं नाही.”

मला संस्कृत येत होतं, पण गाथा ज्या प्राकृतात आहे ती अर्धमागधी येत नव्हती. आमच्या गावात खरं तर या विषयाची मोठी परंपरा आहे. डॉ. आ. ने. उपाध्ये 1930 पासून इथल्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते. त्याच परंपरेत शिकलेले एक निवृत्त प्राध्यापक मंगळवार पेठेत राहतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “आधी छाया करून आण. भाषांतर नको, छाया. प्राकृत शब्द जिथून आला तो संस्कृत शब्द त्याच जागी, त्याच विभक्तीत बसवायचा. वृत्त सांभाळायच्या भानगडीत पडू नकोस, छाया वृत्तात बसत नसते.”

पहिलं काम ध्वनींचं. प्राकृतात दोन स्वरांमधलं एकटं क, ग, च, ज, त, द, प, य, व बहुधा गळतं आणि उरलेल्या फटीत हलका ‘य’ येतो. म्हणून छाया करणाऱ्याला प्रत्येक ‘य’पाशी थांबावं लागतं. हा मूळचा आहे की गळालेल्या अक्षराच्या जागी आलाय? ‘गोयम’मध्ये त गेलाय : गौतम. ‘मणुयाण’मध्ये ज गेलाय : मनुजानाम्. ‘जीवियं’मध्ये पुन्हा त : जीवितम्. ‘पंडुयए’मध्ये तर स्वार्थे, म्हणजे अर्थ न बदलता, लागणारा ‘क’ दोनदा आलाय, एकदा ‘य’ होऊन आणि एकदा पुरता गळून. छायेत एकच ठेवला की पुरतं : पाण्डुक. ‘जहा’ म्हणजे यथा. तिथे सुरुवातीच्या य चा ज झाला आणि थ मधला फक्त ह उरला. ‘निवडइ’ पाहून मराठी माणसाला निवडणं आठवेल, पण ते निपतति आहे : प चा व, त चा ड, आणि शेवटच्या ‘ति’ची नुसती ‘इ’.

जोडाक्षरं उलट दिशेने उकलायची असतात. प्राकृतात दोन वेगळी व्यंजनं सहसा शेजारी राहत नाहीत, एक दुसऱ्यासारखं होतं. म्हणून ‘पत्त’च्या मागे एकच शब्द उभा नसतो. पत्र, पात्र आणि प्राप्त या तिन्हींचं प्राकृतात ‘पत्त’ होतं. इथे आधी ‘दुम’ म्हणजे द्रुम असल्यामुळे पत्रच. ‘पाइअसद्दमहण्णवो’ हा कोश यासाठी फार कामाचा आहे, कारण तो प्राकृत शब्दांची संस्कृत रूपं देतो. पण एका शब्दाखाली तो तीन-चार पर्याय देतो आणि त्यातला निवडायचा आपल्यालाच.

मला सगळ्यात जास्त वेळ ‘राइगणाण अच्चए’ने घेतला. ‘राइ’ म्हणजे रात्रि होऊ शकतं आणि राजि, म्हणजे ओळ, हेही होऊ शकतं. झाडाच्या पानांच्या संदर्भात ‘ओळींचे समूह’ अगदीच अशक्य वाटत नाही. ‘अच्च’मध्ये त्य असू शकतो, जसं सत्यचं सच्च होतं. पण र्च सुद्धा असू शकतो, जसं अर्चनाचं अच्चणा होतं. म्हणजे ‘अच्चए’ हे ‘अर्चते’सारखं क्रियापदही दिसू शकतं. नुसते ध्वनींचे नियम घेऊन इथे निर्णय होत नाही.

सरांनी इथे एक सवय लावली : अडलेला शब्द त्याच ग्रंथात दुसरीकडे शोधायचा. तेराव्या अध्ययनात, चित्त आणि संभूताच्या कथेत, ओळ सापडली : ‘अच्चेइ कालो तूरंति राइओ’. अत्येति कालः, त्वरन्ते रात्रयः. काळ निघून चाललाय, रात्री घाई करताहेत. इथे ‘अच्चेइ’ला कर्ता काल आहे, तेव्हा अर्चनेचा प्रश्नच उरत नाही; आणि शेजारी ‘राइओ’ म्हणजे रात्रीच. तोच अति + इ हा धातू, त्याच रात्री. तेव्हा आपल्या गाथेत रात्रिगणानाम् अत्यये : रात्रींचे समूह सरून गेल्यावर. त्या ओळीने दोन्ही शंका एकदम मिटवल्या आणि मला मनापासून आनंद झाला.

आता खरा पेच. गाथेत ‘ए’ने संपणारे चार शब्द आहेत : दुमपत्तए, पंडुयए, अच्चए, पमायए. संस्कृत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांना अकारान्ताचा ए दिसला की आधी सप्तमी दिसते. ‘अच्चए’ तशी सप्तमी आहेच. मग पहिले दोन शब्दही सप्तमीत घेऊन बघावेत : पिवळ्या पडलेल्या झाडाच्या पानावर… पण मग ‘निपतति’चा कर्ता कुठे गेला? पानावर पडतंय कोण? वाक्यात दुसरी प्रथमा नाहीच. छाया चुकत असली की ती अशी कळते. प्रत्येक शब्द सुटा बरोबर दिसतो, पण क्रियापदाला माणूस मिळत नाही.

उत्तर अर्धमागधीच्या स्वभावात आहे. महाराष्ट्री प्राकृतात पुल्लिंगी अकारान्त शब्दाची प्रथमा ओकारान्त होते, देवो, धम्मो अशी. पूर्वेकडच्या मागधीत ती एकारान्त होते, देवे, धम्मे. आगमांच्या अर्धमागधीत दोन्ही सापडतात, कधी एकाच पानावर. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्रांनी हा ए मागधीच्या सूत्रात सांगितला आणि तिथेच आगमांच्या भाषेची आठवण काढली. म्हणून दुमपत्तए आणि पंडुयए या प्रथमा. पत्र हा शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी, त्यामुळे छायेत द्रुमपत्रकं पाण्डुकम्. पान हाच कर्ता, आणि वाक्य उभं राहतं.

चौथा ए क्रियापदाचा. दशवैकालिक या दुसऱ्या आगमात ‘जयं चरे जयं चिट्ठे’ येतं, म्हणजे यतं चरेत्, यतं तिष्ठेत्. तसाच हा विध्यर्थाचा ए. अक्षराला अक्षर लावलं तर मा प्रमादयेः असं काहीतरी होईल. पण संस्कृतात ‘मा’बरोबर लुङ् या भूतकाळाचं रूप येतं आणि त्याचा सुरुवातीचा अ गळतो, म्हणून छाया मा प्रमादीः अशी करतात. तैत्तिरीय उपनिषदातलं ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ त्याच घडणीचं. इथे छाया मूळ शब्दापासून अर्धं पाऊल दूर जाते आणि ते वहीच्या कडेला लिहून ठेवावं. नाहीतर पुढे छायेवरून मूळ रूप ठरवण्याचा मोह होतो, आणि ते अगदी उलटं आहे.

‘समयं’ दिसायला सगळ्यात सोपा, ध्वनी काही बदललेलाच नाही. पण जैन परिभाषेत समय म्हणजे ज्याचे आणखी भाग पडत नाहीत असा काळाचा सगळ्यात लहान अंश. द्वितीया इथे कालावधीची आहे : एक समयभरसुद्धा. छायेत शब्द तसाच राहतो, अर्थ मात्र आगमातून आणावा लागतो.

छाया पुरी झाली ती अशी :

द्रुमपत्रकं पाण्डुकं यथा निपतति रात्रिगणानाम् अत्यये ।
एवं मनुजानां जीवितं समयं गौतम मा प्रमादीः ॥

रात्रींमागून रात्री सरल्या की झाडाचं पिकलं पान जसं गळून पडतं, तसं माणसांचं आयुष्य. गौतमा, एक समयही गाफील राहू नकोस.

ही घेऊन काकूंकडे गेले आणि त्यांना मूळ गाथा म्हणायला सांगितली, तेव्हा एक वेगळीच गोष्ट कानावर आली. ‘दुमपत्तए पंडुयए’ म्हणताना त्या दोन्ही ए आखूड म्हणत होत्या. ‘अच्चए’ आणि ‘पमायए’ लांब. घरी येऊन मात्रा मोजल्या. हे वैतालीय वृत्त आहे, विषम चरणाला चौदा मात्रा, सम चरणाला सोळा. दुसरा, तिसरा, चौथा चरण बिनचूक बसतात. पहिला संस्कृतच्या हिशेबाने सोळा मात्रांचा होतो, कारण संस्कृतात ए नेहमी दीर्घ. प्राकृतात ए ऱ्हस्वही असतो, आणि ते दोन्ही ए ऱ्हस्व धरले की चौदा मात्रा होतात. छाया करताना मी हे कुठेच पाहिलं नव्हतं. छायेत ते दिसतही नाही.

मनात आलं, मग हीच खूण धरावी का? आखूड ए प्रथमेचा, लांब ए सप्तमीचा? लगेच दुसरी गाथा उघडली :

कुसग्गे जह ओसबिंदुए, थोवं चिट्ठइ लंबमाणए ।

कुशाग्रे यथा अवश्यायबिन्दुकः स्तोकं तिष्ठति लम्बमानकः. कुशाच्या टोकावर लोंबणारा दवबिंदू जसा थोडाच वेळ टिकतो. मात्रा मोजल्या तर इथे सगळं उलटं. ‘कुसग्गे’ ही सप्तमी आणि चौदा मात्रा भरायच्या तर तिचाच ए ऱ्हस्व. ‘ओसबिंदुए’ आणि ‘लंबमाणए’ या प्रथमा, त्यांचे ए दीर्घ. वृत्त पाठ शुद्ध आहे का ते सांगतं, विभक्ती सांगत नाही. विभक्तीसाठी पुन्हा क्रियापदाकडेच जायचं : चिट्ठइ, तिष्ठति, कोण? बिंदू. कुठे? कुशाच्या टोकावर. काकूंनी ती गाथा दोनदा म्हणून पाहिली, दोन्ही वेळा ‘कुसग्गे’चा ए आखूडच आला. मग त्यांनी वही माझ्याकडून घेतली आणि तिसऱ्या गाथेतल्या प्रत्येक ए खाली स्वतः पेन्सिलीने रेघ ओढायला बसल्या.