रात्री साडेदहाचा मेसेज आणि माझं पहिलं "नाही"

मी डोंबिवलीची, सहा महिन्यांची इंटर्नशिप लोअर परळच्या एका डिजिटल एजन्सीत. ऑफिस दहा ते सात, घरी पोचायला साडेआठ-नऊ, आणि मग जेवताना फोन वाजायचा की "जरा ही शीट बघशील का, सकाळी लागेल." पहिले दोन महिने मी प्रत्येक वेळी हो म्हटलं कारण पुढे नोकरी पण इथेच मिळावी असं खूप वाटत होतं.

थकवा म्हणजे झोप येणं एवढंच मला माहीत होतं. पण माझ्या बाबतीत आधी काम बिघडायला लागलं. एकच मेल तीनदा वाचायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही, आईने "जेवलीस का" विचारलं तरी चिडायचे, रविवारी दुपारपर्यंत झोपून सोमवारी तशीच जड. एकदा करी रोडवरून कल्याण स्लो पकडली, डोळा लागला तो थेट कल्याणलाच उघडला. आणि मग रात्री साडेबाराला केलेल्या पोस्टमध्ये मी 2,999 च्या जागी 1,999 टाकलं. सकाळी सीनियरने पोस्ट जायच्या आधी पकडलं म्हणून वाचले, पण माझे हात थरथरत होते.

त्यानंतर मी वाचलं की डब्ल्यूएचओने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तीन गोष्टी सांगितल्यात, पार गळून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाहीये असं वाटणं. ते त्याला आजार म्हणत नाहीत, कामाच्या न सुटलेल्या ताणातून होणारी गोष्ट म्हणतात. मला पहिली आणि तिसरी स्पष्ट दिसत होती, दुसरी सुरू होत होती, कारण सीनियरचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा यायचा.

मग दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये रोज चार ओळी लिहिल्या: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, रात्री काय काम आलं आणि ते दुसऱ्या दिवशी खरंच किती वाजता वापरलं गेलं. ही चौथी ओळ सगळ्यात कामाची निघाली. नऊ रात्री काम आलं होतं, त्यातलं फक्त दोनदा सकाळी अकराच्या आधी कोणी उघडलं, बाकी सगळं दुपारी नाहीतर त्याच्याही नंतर. म्हणजे मी जागत होते ते बहुतेक वेळा कोणाला घाई होती म्हणून नाही, तर कोणाच्या तरी डोक्यात ते काम रात्री आलं म्हणून.

पहिलं "नाही" फसलं. मी सीनियरला लिहिलं, "सॉरी मॅम, आज थोडं बरं नाहीये, बघते, जमलं तर करते." त्यांनी अंगठा पाठवला आणि सकाळी शीट मागितली. चूक त्यांची नव्हती, "बघते" म्हणजे हो असंच कोणीही धरणार, आणि तब्येतीचं कारण मी रोज देऊ पण शकत नव्हते.

पुढच्या वेळी आधी एकच प्रश्न विचारला, "मॅम, हे क्लायंटला किती वाजता जायचंय?" उत्तर आलं बारा. मग लिहिलं, "मग हे मी आज रात्री करत नाही. उद्या साडेनऊला ऑफिसला येते आणि साडेअकराला शीट देते, तुम्हाला तपासायला अर्धा तास राहील. चालेल ना?" निळ्या टिका झाल्या आणि वीस मिनिटं काहीच नाही, ती वीस मिनिटं मी फोन हातात धरून बसले होते. मग "ओके" आलं. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी शीट दिली, हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण नाही म्हणून वर उशीर केला असता तर पुढच्या वेळी माझं कोणी ऐकलं नसतं.

त्याच आठवड्यात दुपारी चहाला त्यांच्याशी समोरासमोर बोलले, नोट्स दाखवल्या, किमतीच्या त्या चुकीची वेळ पण दाखवली. तक्रारीचा सूर नव्हता, म्हटलं, "मॅम, रात्री अकरानंतर मी केलेलं काम तुम्हाला परत तपासावं लागतंय." त्या म्हणाल्या, "अगं मला सुचलं की मी टाकून देते, तू तेव्हाच करतेस हे मला माहीतच नव्हतं." आता त्या मेसेजमध्येच वेळ लिहितात. कॅम्पेन लाँच असेल त्या रात्री मी थांबते, पण आधी सांगून ठेवते की दुसऱ्या दिवशी बाराला येईन.

दुसऱ्या टीमचे एक सर अजून नाराज आहेत, त्यांना इंटर्न रात्री पण हवेच असतात. त्यांचा मेसेज आला की मी मॅमना विचारून उत्तर देते, दोघांची कामं एकाच रात्री माझ्यावर येऊ नयेत म्हणून. परवा त्यांना पण "किती वाजता लागेल" विचारलं, ते म्हणाले, "शुक्रवारी."

तो मंगळवार होता.