बेचाळीस हजार शब्दांचे पुस्तक किती पानांचे होते?

आमच्या फोंडा तालुक्यातल्या वाड्यावर देवळाच्या जत्रेला दर वर्षी मराठी नाटक होते. पंचेचाळीस वर्षांत मी त्यात कधी प्रॉम्प्टर होतो, कधी नट, तर कधी पडदा ओढणारा. निवृत्त झाल्यावर त्या आठवणी वहीत उतरवायला घेतल्या आणि अडीच वर्षांत चार वह्या भरल्या. मग त्या घेऊन मी छापखान्यात गेलो. मालकांनी वह्या चाळल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "मास्तर, किती फॉर्मचे पुस्तक?"

छापखान्याचा हिशेब पानांवर नसतो, फॉर्मवर असतो. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकाचा एक फॉर्म सोळा पानांचा. छपाई, कागद, बांधणी यांचे दर फॉर्ममागे सांगतात. म्हणून पुस्तक १६१ पानांचे झाले की दहा फॉर्म पुरत नाहीत, निदान अर्धा फॉर्म वाढतो. हे मला तिथे पहिल्यांदा कळले. "आधी शब्द मोजून या," मालक म्हणाले.

हाताने लिहिलेल्या वहीतले शब्द मोजायची रीत सोपी आहे, फक्त तिला बैठक लागते. माझी लिहिलेली पाने १९०. मी दर दहावे पान घेतले, म्हणजे एकूण १९ पाने, आणि त्यांतला एकेक शब्द मोजला. बेरीज आली ४,१९९, म्हणजे पानाला २२१ शब्द. त्याला १९० ने गुणून जवळजवळ ४२,०००. चांगली भरलेली पाने निवडून मोजायचा मोह होतो, तो टाळायचा. अर्धी रिकामी, खाडाखोडीची पानेही त्या एकोणिसांत आली पाहिजेत. पुढे मजकूर संगणकावर चढला तेव्हा आकडा ४२,१८० निघाला. इतक्या जवळचा अंदाज हवा असेल तर दहावे पान जसे असेल तसेच मोजावे.

आता ४२ हजार शब्द म्हणजे कोणत्या जातीचे पुस्तक? पुस्तके लिहिणाऱ्या दोन मित्रांशी बोललो. जे आकडे सर्रास ऐकू येतात ते इंग्रजीतले: मोठ्यांसाठीची कादंबरी ८० हजार ते एक लाख शब्दांची. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या नेब्युला पुरस्कारात १७,५०० पासून ४० हजारांच्या आतली ती लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. हे आकडे मराठीला तसेच लावता येत नाहीत, कारण आपले शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'आजीच्या घरापासून' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढेच सांगायला तीन-चार लागतात. तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, पण प्रत्येक शब्द लांब असतो आणि ओळीत जागा जास्त खातो. माझ्या फजितीची सुरुवात या एका गोष्टीतून झाली.

पानाला अडीचशे ते तीनशे शब्द, असे इंग्रजी हस्तलिखिताबद्दल कुठेतरी वाचलेले माझ्या डोक्यात होते. मी ३०० धरले. ४२ हजार भागिले ३०० म्हणजे १४० पाने. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांची बारा. एकूण १५२. दहा फॉर्ममध्ये आठ पाने उरतात, त्यांत जुने फोटो टाकू, असेही मनात ठरवून टाकले. पैशाची तजवीज दहा फॉर्मची केली.

अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी पहिले प्रूफ हातात दिले तेव्हा शेवटच्या पानावर आकडा होता २४२.

मला वाटले, अक्षर उगाच मोठे घेतले असेल. ताईंनी शांतपणे फूटपट्टी आणली. अक्षर १४ पॉइंटचे, एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचे अंतर २० पॉइंट, पानावर २४ ओळी, ओळीत सरासरी नऊ शब्द. म्हणजे काठोकाठ भरलेले पानसुद्धा २१६ शब्दांचे. मी धरलेले ३०० त्या पानावर बसणे शक्यच नव्हते. "ओळी थोड्या जवळ आणा की," मी म्हणालो. ताईंनी एक परिच्छेद माझ्यासमोर आवळून दाखवला. वरच्या ओळीत 'मृत्यू' होता आणि त्याच्या बरोबर खाली 'कीर्ती'. मृत्यूचा ऋकार आणि ऊकार खाली उतरले, कीर्तीची वेलांटी आणि रफार वर चढले, आणि दोन्ही एकमेकांत अडकले. इंग्रजीपेक्षा देवनागरीला ओळींमध्ये जास्त हवा का लागते, ते त्या चार बोटांच्या जागेत मला दिसले.

तरीही भागाकार जुळत नव्हता. ४२ हजारांना २१६ ने भागले तर १९५ पाने येतात. बारा मिळवली तरी २०७. मग २४२ कुठून आली? ती शोधायला मी प्रूफ घरी आणले आणि दोन संध्याकाळी फक्त पाने मोजली.

पहिली गळती संवादांची. माझे पुस्तक नाटकाबद्दल, त्यात "आलास?" "आलो." "मग उभा का?" अशा ओळी पुष्कळ. एक शब्द असला तरी तो पूर्ण ओळ अडवतो. संवादांच्या एका पानावर मी मोजले, दीडशेच शब्द निघाले. सलग निवेदनाच्या पानावर २१४. नाट्यपदे दिली होती तिथे तर त्याहून कमी. वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा पूर्ण पाने मोजून सरासरी काढली ती १९८. म्हणजे मजकुराचीच २१२ पाने झाली.

दुसरी गळती प्रकरणांची. प्रकरणे बावीस. प्रत्येकाच्या सुरुवातीला शीर्षकासाठी पानाचा तिसरा हिस्सा मोकळा सोडलेला. आणि प्रकरण जिथे संपते ते पान कधी भरलेले, कधी दोन ओळींचे. सरासरीने अर्धे पान रिकामे जाते. दोन्ही मिळून प्रकरणामागे जवळजवळ ०.८ पान. बावीस प्रकरणांची अठरा पाने नुसती हवेत. २१२ आणि १८ म्हणजे २३०, वर बारा म्हणजे २४२. हिशेब पानावर पान जुळला.

तेव्हापासून मला कुणी विचारले की मी एवढेच सांगतो: एकूण शब्दांना तुमच्याच पुस्तकाच्या मोजलेल्या पानसरासरीने भागा, प्रकरणामागे पाऊण पान मिळवा, सुरुवातीची पाने मिळवा, आणि मग वरच्या आठच्या पटीत, म्हणजे पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण फॉर्मपर्यंत जा. मधली 'तुमच्याच पुस्तकाची सरासरी' ही पायरी सोडली की बाकीचे गणित कितीही बरोबर केले तरी फुकट.

२४२ पानांना साडेपंधरा फॉर्म लागत होते. माझ्याकडे पैसे दहाचे. मालक म्हणाले, "अक्षर १३ करून एकच प्रकरण लावून बघू. सगळे पुन्हा लावायचे नाही." हा सल्ला मला फार मोलाचा वाटला. १३ पॉइंट अक्षर, १८ पॉइंट अंतर, पानावर २७ ओळी. त्या एका प्रकरणाच्या पूर्ण पानांवरचे शब्द मोजले, सरासरी २३५. प्रकरणाच्या सुरुवातीची मोकळी जागा पाच ओळींवर आणली, म्हणजे प्रकरणामागे ०.७ पान. ४२ हजार भागिले २३५ म्हणजे १७९, बावीस प्रकरणांची पंधरा, सुरुवातीची बारा. एकूण २०६. तेरा फॉर्मची २०८ पाने होतात, म्हणजे आत बसत होते. १२ पॉइंटने आणखी वाचली असती, पण माझे वाचक माझ्याच वयाचे. त्यांना चष्मा दोनदा पुसायला लावणारे पुस्तक मला नको होते.

पूर्ण प्रूफ आले ते २०७ पानांचे. अंदाजात एका पानाची चूक.

पैशाच्या जुळवाजुळवीत बारा फॉर्मपर्यंत पोहोचता येत होते, म्हणजे १९२ पाने. पंधरा पाने काढायची. पंधरा गुणिले २३५ म्हणजे साडेतीन हजार शब्द कापायचे असे आधी वाटले. तसे लागत नाहीत. पूर्ण प्रकरण काढले की त्याच्या शब्दांबरोबर त्याची रिकामी जागाही जाते. एकाच नाटकाच्या तालमीबद्दल मी तीनदा लिहिले होते. त्यांतली दोन छोटी प्रकरणे, मिळून २,४०० शब्दांची, काढली आणि बारा पाने कमी झाली. उरलेली तीन पाने मिळाली ती प्रकरणांच्या शेपटांतून. तीन प्रकरणांत शेवटच्या दोन-तीन ओळीच तेवढ्या नव्या पानावर गेल्या होत्या. मागच्या पानावरचा एखादा परिच्छेद एका शब्दासाठी नवी ओळ अडवत होता, तिथे वाक्य आखडते घेतले. पन्नाससाठ शब्दांत तीन अख्खी पाने परत आली. कापाकापी करताना आधी ही शेपटे शोधावीत, मजकुराला हात नंतर लावावा.

हा हिशेब सगळ्या पुस्तकांना चालत नाही. माझ्या शेजारच्या कवी मित्राने आपले शब्द मोजले, साडेतीन हजार निघाले आणि तो खट्टू झाला. कवितासंग्रहात शब्द मोजून काही कळत नाही. तिथे कविता मोजायच्या. एका कवितेला एक पान, लांब कवितेला दोन. त्याच्या ६२ कविता ७१ पानांत बसल्या, पुढची पाने धरून ऐंशी, म्हणजे पाच फॉर्म. युनेस्कोच्या १९६४ च्या व्याख्येप्रमाणे मुखपृष्ठे सोडून किमान ४९ पाने असली की ते पुस्तक; ती रेघ त्याने आरामात ओलांडली. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाचे उलटे असते. तिथे पाने आधी ठरतात, सोळा किंवा बत्तीस, आणि मजकूर त्यांत बसवायचा असतो.

एक काम राहिले होते. मुखपृष्ठ मी उत्साहात आधीच करून घेतले होते, १६० पानांच्या कण्याचे. चित्रकाराला नवे माप हवे होते. मालकांनी आमच्याच पुस्तकाचे शंभर कागद मोजून गठ्ठा केला, हाताने दाबला आणि पट्टी लावली: नऊ मिलिमीटर. एका कागदाला दोन बाजू, म्हणून १९२ पानांचे कागद ९६. कणा साडेआठच्या थोडा वर, म्हणजे नऊच धरा, म्हणाले. आधीच्या मुखपृष्ठावर तो सव्वासात होता. तसाच छापला असता तर पुढच्या बाजूच्या चित्राची कड कण्यावर आली असती. चित्रकाराने दोन दिवसांत माप बदलून दिले. पुस्तक आता बांधणीला गेले आहे. काढलेली दोन प्रकरणे मी चौथ्या वहीतच ठेवली आहेत. त्यांचे शब्द मोजून, पहिल्या पानावर आकडा लिहून.